वाटणीपत्राचा गोषवारा : हिस्सा, कब्जा आणि बरोबरीची रक्कम

सीमाभागातील जुन्या घरांत, देव्हाऱ्याखालच्या पेटीत किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत, निदान एक तरी वाटणीपत्र असते. आजोबा-पणजोबांच्या पिढीतील भाऊ वेगळे झाले तेव्हाचा तो दस्त. कुठे तो मोडीत असतो, कुठे बाळबोधीत. नातवंडांना तो वाचता येत नाही, आणि वाचता आला तरी त्यातून नेमके काय निघते ते कळत नाही. मग घरातील कोणी वडीलधारे एका वाक्यात सांगतात, ‘मळा थोरल्यांना, वाडा मधल्यांना, दुकान तिसऱ्यांना.’ घरोघरी हाच गोषवारा चालतो. तो खोटा नसतो, पण त्यात वाटणीपत्राचा एक तृतीयांश भागच आलेला असतो.

वाटणीपत्र तीन निरनिराळ्या गोष्टी सांगते. कोणत्या शाखेचा हिस्सा किती, ही पहिली. त्या हिश्श्यापोटी दिलेली मिळकत दस्ताच्या दिवशी प्रत्यक्ष कोणाच्या कब्जात होती आणि पुढे कोणाच्या कब्जात जायची होती, ही दुसरी. मिळकती सारख्या किमतीच्या नसल्याने कोणी कोणाला किती रोख रक्कम देऊन वाटा बरोबरीला आणायचा, ही तिसरी. पुढे जी भांडणे कोर्टात येतात, त्यांतील फारच थोडी पहिल्या गोष्टीवरून असतात. बाकीची दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीतून उगवतात. म्हणून या लेखात आम्ही एक वाटणीपत्र समोर ठेवून त्याचा गोषवारा कसा काढावा, आणि त्या दस्ताचे पुढील चाळीस वर्षांत काय होत गेले, हे मांडणार आहोत. दस्त नमुन्याचा आहे. अशा दस्तांत वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून आम्ही तो रचला आहे. तो कोणा एका घराचा नाही. त्याला लागू होणारे कायदे आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

दस्त १९३४ सालचा, बेळगाव जिल्ह्यातला. जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता आणि चंदगड हा त्याचाच एक भाग होता. कुटुंबात चार भाऊ. आईवडील वारलेले. दुसरा भाऊ दोन अज्ञान मुलगे मागे ठेवून वारलेला. त्यांच्या वतीने त्यांची आई पालनकर्ती म्हणून सही करते. चौथा भाऊ निपुत्रिक वारला, त्याची विधवा घरात आहे. एक बहीण आहे, तिचे लग्न झाले आहे. दस्तात तिचा उल्लेखही नाही. त्या काळच्या मिताक्षरा कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबातील निपुत्रिक भावाचा हिस्सा हयात सहभागीदारांकडे जाई आणि विधवेला पोटगीचा हक्क राही. त्यामुळे भाऊ चार असले तरी वाटे तीनच : थोरली शाखा, मधली शाखा आणि तिसरी शाखा.

गोषवारा काढताना पहिले काम वंशावळ मांडण्याचे. वाटा माणशी नसतो, शाखेगणिक असतो. मधल्या शाखेत दोन मुलगे आहेत म्हणून तिला दोन वाटे मिळत नाहीत. तिसरा हिस्सा त्या दोघांत मिळून जातो आणि पुढे ते वेगळे झाले तर प्रत्येकी सहावा हिस्सा होतो. ही साधी गोष्ट चुकली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. वंशावळीत वारलेल्या माणसापुढे तो केव्हा वारला हेही लिहावे, कारण १९३४, १९३७ आणि १९५६ या वर्षांच्या अलीकडचा मृत्यू आणि पलीकडचा मृत्यू यांचे कायदेशीर फळ वेगवेगळे असते.

अशा दस्तांत हिस्सा लिहिण्याची एक जुनी रीत आहे, ती नव्या वाचकाला हमखास फसवते. पूर्ण मिळकत म्हणजे सोळा आणे धरीत. तिसरा हिस्सा म्हणजे पाच आणे चार पै, आणि तो ‘०-५-४’ असा लिहीत. आणा बारा पैंचा असल्याने पाच आणे चार पै तीनदा घेतले की सोळा आणे बरोबर भरतात. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे-पै व्यवहारातून गेले. त्यामुळे आज हा आकडा पाहणाऱ्याला वाटते की ही कसली तरी किरकोळ रक्कम आहे, आणि तो ती सोडून देतो. सोडलेला तो आकडा म्हणजेच त्या शाखेचा हक्क असतो. काही दस्तांत हिश्श्याला ‘तक्षीम’ म्हटलेले असते. हा शब्द अरबीतून फारसी दफ्तरांमार्गे मराठीत आला आणि गावकी-वतनांच्या कागदांत रुळला. ‘विभागपत्र’ हा शब्द मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही कागदांत एकाच अर्थाने भेटतो. उलट ‘वहिवाट’ या शब्दाशी सावध राहावे. मराठी दस्तात वहिवाट म्हणजे मिळकतीचा प्रत्यक्ष उपभोग. कन्नडात तोच शब्द ‘वहिवाटु’ या रूपात देवघेव, व्यवहार या अर्थाने चालतो. मराठी दस्ताचे भाषांतर करताना ‘वहिवाट चालू आहे’ याचे ‘व्यवहार चालू आहे’ झाले, तर कब्ज्याचा पुरावाच पुसला जातो.

आता मिळकती पाहू. पंचांनी किमती अशा ठरवल्या आहेत : विहीर असलेला मळा ६,६०० रुपये, गावातील वाडा ३,००० रुपये, बेळगावच्या पेठेतील दुकान ३,६०० रुपये, बेळगाव तालुक्यातील बारा एकर जिरायत १,२०० रुपये आणि चंदगडकडील बारा एकर जमीन १,२०० रुपये. एकूण १५,६०० रुपये. चार एकरांचे एक शेत विधवेच्या पोटगीसाठी बाजूला काढले असून ते या बेरजेत धरलेले नाही. बेरजेचा तिसरा हिस्सा ५,२०० रुपये.

मळा थोरल्या शाखेला दिला आहे, म्हणजे तिच्याकडे ६,६०० रुपयांची मिळकत गेली. मधल्या शाखेला वाडा आणि बेळगावची जिरायत, मिळून ४,२०० रुपये. तिसरीला दुकान आणि चंदगडची जमीन, मिळून ४,८०० रुपये. थोरल्या शाखेकडे १,४०० रुपये जास्त गेले; मधलीला १,००० आणि तिसरीला ४०० रुपये कमी पडले. तेव्हा थोरलीने मधलीला १,००० आणि तिसरीला ४०० रुपये द्यावेत, असा सरळ हिशेब निघतो. पण दस्तात रकमा दिसतात त्या अनुक्रमे ७०० आणि १०० रुपयांच्या. येथे बहुतेक वाचक थबकतात. कोणी म्हणतात पंचांनी पक्षपात केला, कोणी म्हणतात लेखनिकाची चूक.

चूक नाही. दस्ताच्या शेवटच्या पानावर, सह्यांच्या जरा वर, एक कलम असते : मळ्यावर सावकाराचे ९०० रुपये गहाणाचे देणे आहे, ते कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेले असून थोरल्या शाखेने फेडावयाचे आहे. हे देणे तिघांचे, म्हणजे प्रत्येकी ३०० रुपयांचे. मधली आणि तिसरी या शाखांचे प्रत्येकी ३०० रुपये थोरली भरणार, म्हणून त्यांना द्यावयाच्या रकमेतून तेवढे वजा केले. हजारातून तीनशे गेले, सातशे राहिले. चारशेतून तीनशे गेले, शंभर राहिले. ताळा असा पाहावा : थोरलीच्या ६,६०० मधून कर्जाचे ९०० आणि द्यावयाचे ८०० वजा केले की ४,९०० उरतात. मधलीचे ४,२०० आणि ७०० मिळून ४,९००. तिसरीचे ४,८०० आणि १०० मिळून ४,९००. तिन्ही आकडे जुळले म्हणजे गोषवारा बरोबर आहे आणि पंचांनी वाटणी समान केली आहे. ते जुळत नसतील तर दस्तातील एखादे कलम आपल्या नजरेतून सुटले आहे असे समजून पुन्हा वाचावे. सुटलेले कलम बहुधा कर्जाचे, लग्नखर्चाचे किंवा देवस्थानासाठी राखलेल्या उत्पन्नाचे असते.

आणखी एक ताळा मुद्रांकात सापडतो. १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्याप्रमाणे वाटणीपत्रावरील शुल्क सबंध मिळकतीवर नसे. सर्वांत मोठा वाटा मूळ मानायचा आणि त्यापासून वेगळे झालेल्या उरलेल्या वाट्यांच्या किमतीवर शुल्क द्यायचे. आमच्या नमुन्यात मळ्याचे ६,६०० बाजूला ठेवले की ९,००० रुपये उरतात. विधवेचे शेत वेगळे ठेवले तर मुद्रांक साधारण तेवढ्या किमतीला पुरेल असा हवा. हाच नियम लक्षात ठेवून किमती मुद्दाम कमी लिहिण्याचा मोह पंचांना होई, आणि तो आजही होतो. दस्तातील किंमत ही त्या काळचा बाजारभाव म्हणून वापरू नये, असे आमचे मत आहे. ती तीन वाट्यांमधील परस्पर प्रमाण सांगते. तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करू नये.

थोरल्या भावाला सर्वांत मोठी मिळकत का दिली, याविषयी घरांत पुष्कळ कथा असतात. थोरलेपणाचा मान, असे सांगितले जाते. मनुस्मृतीत ज्येष्ठासाठी विसावा भाग आधी काढून ठेवण्याची तरतूद आहे खरी. पण चालुक्यांच्या कल्याणीत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी ती विषम वाटणी लोकांना नकोशी झालेली असल्याने आचरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. १९३४ च्या दस्तात थोरल्याला मळा मिळाला तो विहीर तोडता येत नव्हती म्हणून. विहिरीच्या पाण्यावरचा मळा तीन ठिकाणी फोडला तर त्याची किंमतच जाते. म्हणून तो एकाकडे अखंड ठेवायचा आणि बाकीच्यांना रोख द्यायची, हा व्यवहाराचा मार्ग. मान म्हणून वाढीव भाग दिला असता तर बरोबरीची रक्कम दस्तात आलीच नसती.

या रकमेला घरोघरी निरनिराळी नावे आहेत. कुठे नुसते ‘रोख’, कुठे ‘भरपाई’. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेत तिला ‘तोर्नास’ म्हणतात, आणि कोणी कोणाला किती द्यायचे ते तेथे वाटणीच्या तक्त्यात स्वतंत्रपणे मांडले जाते. आमच्याकडील दस्तांत ती मिळकतींच्या वर्णनानंतर एखाद्या वाक्यात दडलेली असते, आणि म्हणूनच ती विसरली जाते.

ती साधी उसनवारी नाही, हे ध्यानात घ्यावे. वाटणीत ज्याला जास्त किमतीची जमीन गेली त्याने द्यावयाच्या या रकमेचा बोजा सामान्यतः त्या जमिनीवरच राहतो. स्वामिनाथ ओडेयार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली हे तत्त्व सांगितले. म्हणजे आमच्या नमुन्यात मधल्या शाखेचे ७०० रुपये फिटेपर्यंत मळा त्या रकमेला जबाबदार. थोरल्याने मळा तिऱ्हाइताला विकला तरी, दस्त नोंदलेला असल्याने त्याची माहिती खरेदीदाराला होती असेच कायदा मानतो, आणि बोजा मळ्याबरोबर जातो. न नोंदलेल्या कागदावर हा भरवसा राहत नाही.

पण या बोज्यालाही मुदत आहे. रक्कम देय झाल्यापासून बारा वर्षे. आमच्या दस्तात असे ठरले आहे : नोंदणीच्या दिवशी तिसऱ्या शाखेला तिचे पूर्ण १०० आणि मधलीला १०० रुपये रोख, मधलीचे उरलेले ६०० रुपये दोनशेच्या तीन हप्त्यांनी, १९३५, १९३६ आणि १९३७ साली. दस्ताच्या पाठीवर दोन भरणा-नोंदी आहेत, पहिल्या दोन हप्त्यांच्या. तिसऱ्याची नाही. येथे गोषवारा लिहिणाऱ्याने काय लिहावे? ‘२०० रुपये दिले नाहीत’ असे लिहू नये. ते दस्तावरून सिद्ध होत नाही, कारण पावती वेगळ्या कागदावरही असू शकते. ‘तिसऱ्या हप्त्याच्या भरण्याची पाठीवर नोंद नाही’ असे लिहावे, आणि त्यापुढे ‘देय १९३७, वसुलीची मुदत १९४९ साली संपली’ असे जोडावे. ही ओळ नसली की तिसऱ्या पिढीतील कोणी तरी ‘आमचे पैसे अजून यायचे आहेत, म्हणून मळ्यात आमचा वाटा आहे’ असे म्हणू लागतो. रक्कम राहिली म्हणून वाटणी मोडत नाही. वाटणी पूर्ण झालेली असते. राहिलेले असते ते फक्त येणे, आणि त्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

कब्ज्याचा रकाना मात्र सर्वांत जास्त काळजी मागतो. हिस्सा वेगळा होणे आणि जमीन वेगळी होणे या दोन क्रिया निराळ्या आहेत, हे प्रिव्ही कौन्सिलने अप्पोवियर खटल्यात १८६६ सालीच सांगितले. आपापला ठरावीक हिस्सा धारण करायचा असा करार झाला, की प्रत्यक्ष बांध पडलेला नसला तरी एकत्रपण संपते. उलट बाजूने, वाटणी झालीच नाही असे कोणी म्हणू लागला तर काय पाहावे, याचे उत्तर याज्ञवल्क्य स्मृतीत आहे : नातलग, साक्षीदार, लेख आणि वेगवेगळी वहिवाटलेली घरे व शेते. आजही कोर्टात आम्ही नेमकी हीच यादी घेऊन उभे राहतो.

आमच्या नमुन्यात वाडा मधल्या शाखेचा आहे, पण १९३४ साली वाड्याच्या पुढच्या दोन खोल्यांत थोरल्या भावाचे बिऱ्हाड आहे. दस्त म्हणतो, मळ्यात घर बांधून होईपर्यंत, पण पाच वर्षांच्या आत, त्यांनी खोल्या सोडाव्यात. बिऱ्हाड हलले नाही असे समजा. पंधरा-वीस वर्षांनी थोरल्यांचे मुलगे म्हणतील, आम्ही बारा वर्षांहून जास्त येथे आहोत, खोल्या आमच्या. परवानगीने सुरू झालेला कब्जा नुसत्या वर्षांच्या गणतीने मालकी होत नाही. केव्हापासून आणि कोणत्या कृतीने आपण मालकीच्या विरुद्ध उभे राहिलो हे त्यांना दाखवावे लागते. त्यांची सुरुवात परवानगीने झाली होती याचा पुरावा म्हणजे दस्तातील ते एक वाक्य. मात्र पाच वर्षांची मुदत टळून गेल्यावर मधली शाखा स्वस्थ बसली असेल तर तिची बाजू दर वर्षाने पातळ होत जाते, हेही खरे. म्हणून गोषवाऱ्यात ‘वाडा : मधली शाखा’ एवढेच लिहून भागत नाही. ‘मालकी मधलीची, पुढील दोन खोल्या थोरलीच्या कब्जात, परवानगीने, १९३९ पर्यंत’ असे लिहावे.

दुकान भाड्याने दिलेले आहे. तेव्हा तिसऱ्या शाखेला मिळतो तो दुकानाचा कब्जा नव्हे, भाडे घेण्याचा हक्क. राहिल्या दोन जिरायती. दोन्ही बारा एकर, दोन्ही १,२०० रुपयांच्या, दोन्ही खंडाने कुळांकडे. दस्त लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने या दोन जमिनींत काडीचा फरक नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात राहिले. एका दस्तातील सारख्या किमतीच्या दोन जमिनी दोन राज्यांत गेल्या. मुंबई राज्यातील कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. मालक अज्ञान, विधवा किंवा अपंग असेल तर ही खरेदी पुढे ढकलली जाई. तिसऱ्या शाखेत तसे कोणी नव्हते. तिची चंदगडची जमीन त्या दिवशी कुळाची झाली आणि शाखेकडे उरला तो कायद्याने ठरेल त्या किमतीचा हक्क. मधल्या शाखेची बेळगावची जमीन मात्र मागे राहिली. तेथील कुळांच्या ताब्यातील जमिनी सरकारात जमा झाल्या त्या १ मार्च १९७४ रोजी, कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्याखाली, आणि मग कुळांनी नमुना ७ चा अर्ज करून कब्जेहक्क मागावयाचा होता. दोन तारखांत जवळजवळ सतरा वर्षांचे अंतर. ज्या दोन वाट्यांची बरोबरी पंचांनी रुपयारुपयाने जुळवली होती त्यांतील एकाला सतरा वर्षे जास्त खंड घेता आला आणि दुसऱ्याला नाही. त्याबद्दल कोणत्याही शाखेला दुसरीकडे काही मागता येत नाही. वाटणीची बरोबरी दस्ताच्या दिवशी मोजली जाते. नंतर कायद्याने वा काळाने जे नेले ते ज्याच्या वाट्याला पडले त्याचे. तिसऱ्या शाखेच्या वंशजांना हे पटवणे अवघड जाते, आणि ते अवघड का जाते हे आम्हाला समजते.

सरहद्दीचा दुसरा परिणाम कागदांवर झाला. दस्त बेळगावात नोंदला होता. मिळकतीचा काही भाग ज्या उपनिबंधकाच्या हद्दीत आहे त्याच्याकडे सबंध दस्त नोंदता येतो, असा १९०८ च्या नोंदणी कायद्याचा नियम आहे, आणि मग त्या उपनिबंधकाने इतर हद्दींतील मिळकतींसाठी तेथील उपनिबंधकांकडे टिपण पाठवावयाचे असते. म्हणून चंदगडकडील जमिनीचा शोध घेणाऱ्याला तिकडच्या कचेरीत पूर्ण दस्त सापडत नाही, ‘दस्तच नाही’ असे उत्तर मिळते, आणि तो हात हलवीत परततो. तेथे मागावयाचे ते टिपण. त्यावर बेळगावच्या नोंदणीचा क्रमांक आणि वर्ष असते. ते घेऊन बेळगावात पुस्तक क्रमांक १ मधून प्रमाणित नक्कल काढावी. मूळ दस्त वाळवीने खाल्ला असला तरी ही नक्कल उभी राहते. पाठीवरच्या भरणा-नोंदी मात्र तीत नसतात, कारण त्या नोंदणीनंतर लिहिल्या गेल्या. मूळ कागद जपण्याचे तेवढे एक ठोस कारण पुरेसे आहे.

एवढे झाल्यावर आमच्या दस्ताचा गोषवारा असा उतरतो.

थोरली शाखा : हिस्सा पाच आणे चार पै. मिळकत मळा, कब्जा स्वतःचा. मळ्यावरील ९०० रुपयांचे गहाणदेणे फेडण्याची जबाबदारी हिचीच. मधलीला ७०० आणि तिसरीला १०० रुपये देणे. पैकी ६०० रुपये दिल्याची दस्तात व पाठीवर नोंद, २०० ची नोंद नाही, मुदत १९४९ साली संपली.

मधली शाखा : हिस्सा पाच आणे चार पै, दोन मुलग्यांत निम्मा निम्मा. मिळकत वाडा, त्यातील दोन खोल्या थोरलीच्या कब्जात परवानगीने. बेळगावची जिरायत कुळाकडे, १ मार्च १९७४ रोजी सरकारजमा. सहीच्या वेळी मुलगे अज्ञान. सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत वाटणीला हरकत घेतल्याचा कागद नाही.

तिसरी शाखा : हिस्सा पाच आणे चार पै. मिळकत दुकान, प्रत्यक्ष कब्जा भाडेकरूकडे. चंदगडची जमीन १ एप्रिल १९५७ रोजी कुळाकडे खरेदी झालेली. येणे १०० रुपये, नोंदणीच्या दिवशी पोचले.

राहिले ते चार एकर शेत. दस्ताचे शब्द साधारण असे असतात : चौथ्या भावाच्या विधवेने हे शेत हयातीपर्यंत पोटगीदाखल वहिवाटावे, विक्री अगर गहाण करू नये, तिच्या पश्चात ते तिन्ही शाखांकडे समान यावे. घरातील सगळे जण हे वाक्य पाठ असल्यासारखे सांगतात. ती १९५६ च्या आधी वारली असती तर ते वाक्य अखेरपर्यंत खरे राहिले असते.

ती १९६८ साली वारली असे समजू. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला तेव्हा शेत तिच्या कब्जात होते. त्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या कब्जातील मर्यादित मालकीची मिळकत पूर्ण मालकीची झाली. दस्तातच बंधन लिहिलेले असेल तर ते टिकते, असेही त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो, आणि शाखांचे वकील त्यावरच बोट ठेवीत. हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुलसम्मा यांच्या खटल्यात मिटवला : पोटगीच्या आधीपासून असलेल्या हक्कापोटी मिळकत दिली असेल तर दस्तातील बंधन गळून पडते आणि स्त्री पूर्ण मालक होते. शेत तिचे झाले होते. ते विकण्याचा, मृत्युपत्राने कोणालाही देण्याचा हक्क तिला होता.

तिने मृत्युपत्र केले नसेल तरीही शेत दस्ताप्रमाणे तीन शाखांत समान येत नाही. तिला मूलबाळ नसल्याने ते नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आणि नवरा जणू तिच्या मृत्यूनंतर लगेच वारला असे धरून ते वारस शोधायचे असतात. १९६८ साली चार भावंडांपैकी फक्त तिसरा भाऊ हयात होता असे धरा. थोरल्याची आणि मधल्याची मुले ही पुतणे; हयात भाऊ-बहिणीपुढे पुतण्यांची पाळी येत नाही. पण भावाच्याच पायरीवर बहीणही आहे, जिचे नाव १९३४ च्या दस्तात कुठेही नाही. ती तेव्हा हयात असेल तर चार एकरांतील निम्मे शेत तिसऱ्या भावाचे आणि निम्मे तिचे. नोंदलेली जुनी वाटणी २००५ च्या दुरुस्तीने उलगडत नाही, त्यामुळे मळा, वाडा, दुकान यांत तिला काही नाही. पण जे शेत पंचांनी वाटणीतून बाहेर काढून ठेवले होते त्यातले दोन एकर तिचे किंवा तिच्या मुलाबाळांचे आहेत, आणि गोषवाऱ्याच्या शेवटच्या ओळीत तिचे नाव लिहावयास हवे.